ॲन्युअल डेसाठी प्रायोजक मागताना

कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनासाठी गावातल्या व्यावसायिकाकडे प्रायोजकत्व मागणे आणि गणेशोत्सवाची वर्गणी मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळाला वर्गणी दिली जाते ती श्रद्धेने, शेजारधर्म म्हणून किंवा भिडेखातर. कंपनीबद्दल दुकानदाराच्या मनात यातले काहीच नसते. उलट पत्र हातात पडताच त्याला पहिला प्रश्न पडतो: एवढा मोठा कारखाना चालवणाऱ्यांना माझ्या पैशांची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर पत्रात नसेल, तर ते पत्र गल्ल्याखालच्या कप्प्यात जाऊन पडते. म्हणून विनंतीची मांडणी कंपनीच्या खर्चापासून सुरू करून चालत नाही. त्या सभागृहात कोण बसणार आहे आणि त्यांच्यापैकी कितीजण या दुकानाचे गिऱ्हाईक होऊ शकतात, तिथून ती सुरू व्हावी लागते.

हे एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणावरून पाहू. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कामगार आणि कर्मचारी मिळून २४० जण. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी भाड्याच्या सभागृहात ॲन्युअल डे आहे आणि कुटुंबांसह साधारण ७०० माणसे येतील. सभागृह, जेवण, ध्वनी आणि मंडप यांचा खर्च कंपनी करणार आहे. मुलांच्या नृत्य व चित्रकला स्पर्धांची बक्षिसे मात्र प्रायोजकाकडून मिळाली तर हवी आहेत. त्यासाठी २५,००० रुपये लागतील.

मागायचे कोणाकडे, हा निर्णय पत्र लिहिण्याच्या आधीचा आणि त्याहून महत्त्वाचा. आयोजकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात ते कंपनीचेच पुरवठादार: पॅकिंगचे खोके देणारा, कँटीन चालवणारा, मजूर पुरवणारा ठेकेदार. हे लोक लगेच हो म्हणतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. पुढच्या वर्षीचे कंत्राट ज्यांच्या हातात, त्यांनी पैसे मागितले तर नाही म्हणण्याची सोय पुरवठादाराला उरत नाही. दिलेले पैसे तो पुढे दरात वसूल करतो किंवा बिल लवकर काढून घेण्यासाठी त्यांची आठवण करून देतो. बऱ्याच कंपन्यांच्या आचारसंहितेत पुरवठादारांकडून असे पैसे किंवा भेटी घेण्याला मनाई असते. नसली तरी हा रस्ता टाळावा. जो कंपनीला काही विकत नाही, पण कंपनीतल्या माणसांना विकतो किंवा विकू शकतो, तो खरा प्रायोजक. दुचाकीचे शोरूम, चष्म्याचे दुकान, पतसंस्था, रक्त तपासणारी प्रयोगशाळा, मिठाईवाला, मुलांचे क्लासेस हे सगळे या यादीत बसतात. तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रेत्याला त्या मालाचे नाव पुढे करून मंच देता येत नाही. २००३ च्या कायद्याने तसे प्रायोजकत्व बंद केले आहे.

या उदाहरणात दुचाकीचे शोरूम घेऊ. आता शोरूमच्या मालकाला सांगण्यासारखी माहिती गोळा करायची. ती कुठल्या अहवालात मिळत नाही, ती कारखान्याच्या फाटकावर मिळते. पार्किंगमध्ये रोज किती दुचाक्या लागतात हे सुरक्षारक्षकाला तोंडपाठ असते. तिन्ही पाळ्यांत एकेकदा मोजले की आकडा पक्का होतो. नंबरप्लेटवरच्या अक्षरांच्या मालिकेवरून गाडी साधारण कुठल्या वर्षाची ते कळते, कारण एमएच १५ नंतरची अक्षरे क्रमाने पुढे सरकत जातात. समजा, १६० दुचाक्या भरल्या आणि त्यातल्या ४५ दहा वर्षांहून जुन्या निघाल्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. म्हणजे या ४५ घरांत येत्या काही वर्षांत नव्या गाडीचा विषय निघणारच. मालकाच्या दृष्टीने ‘७०० प्रेक्षक’ या शब्दांपेक्षा ‘४५ जुन्या गाड्या’ हा आकडा कितीतरी बोलका आहे. एका गाडीमागे आपल्याला काय सुटते ते तो जाणतो. दोन-तीन गाड्या विकल्या गेल्या तर २५,००० रुपये भरून निघतात की नाही, हा हिशेब तो पत्र वाचता वाचता मनातल्या मनात करतो. तो हिशेब पत्रात मांडू नये. दुसऱ्याच्या नफ्याचे गणित बाहेरच्याने करून दाखवलेले कोणालाच रुचत नाही, आणि ते बहुधा चुकते.

चष्म्याच्या दुकानासाठी हीच माहिती वेगळी असेल: चाळिशी ओलांडलेले किती, बारीक मापाचे काम करणारे किती. क्लासेससाठी दहावी-बारावीतली मुले असलेली घरे किती. प्रत्येक व्यावसायिकासाठी एकच आकडा शोधायचा, पण तो त्याच्या कामाचा हवा. एकच मजकूर दहा ठिकाणी नाव बदलून पाठवला की तो वाचताक्षणी ओळखू येतो.

वेळेचेही असेच आहे. नवरात्र ते दिवाळी या काळात शोरूमच्या मालकाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या गर्दीत दिलेले पत्र वाचलेही जात नाही. दिवाळी उरकली, हिशेब लागले, की नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भेटावे. कार्यक्रमाला तेव्हा सात-आठ आठवडे उरलेले असतात. इतका वेळ लागतो, कारण असा खर्च मालक बऱ्याचदा एकट्याच्या बळावर ठरवत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून जाहिरातीसाठी काही वाटा मिळतो का, हे तो विचारून बघतो, आणि त्या मंजुरीला दिवस जातात. जानेवारीअखेरचा कार्यक्रम शोरूमच्या सोयीचाही आहे. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडव्याला नवी गाडी घरी आणण्याची रीत आहे, आणि पाडव्याच्या खरेदीची चर्चा घराघरांत त्याच सुमारास सुरू होते. पत्रात पाडव्याचा उल्लेख आला, तर आयोजकांना आपल्या धंद्याचे कॅलेंडर कळते हे मालकाच्या लक्षात येते.

पत्र एका पानाचे असावे, कंपनीच्या लेटरहेडवर, आणि शोरूमचा कारभार मराठीत चालत असेल तर मराठीतच. त्यावर अधिकाराने सही करू शकणाऱ्याची सही हवी: मनुष्यबळ विभागाचा व्यवस्थापक किंवा संचालक. सांस्कृतिक समितीतल्या एखाद्या उत्साही तरुणाने स्वतःच्या सहीचे पत्र नेले, तर हे पैसे खरोखर कंपनीकडे जाणार का, अशी शंका येणे साहजिक आहे. सर्वसाधारणपणे जे पत्र जाते ते असे असते: ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आमच्या कंपनीचा वार्षिक महोत्सव मोठ्या उत्साहात साजरा होत आहे. तरी आपण प्लॅटिनम, गोल्ड अथवा सिल्व्हर प्रायोजक होऊन सहकार्य करावे, ही विनंती.’ यात आनंद कंपनीचा, उत्साह कंपनीचा. मालकाच्या वाट्याला फक्त रक्कम आली आहे. प्लॅटिनम-गोल्डच्या पायऱ्या मोठ्या शहरी कार्यक्रमांना शोभतात, जिथे दहा-पंधरा प्रायोजक असतात. दोन-तीन स्थानिक प्रायोजकांसाठी त्या निरर्थक आहेत. एवढेच नव्हे, सिल्व्हर घेणाऱ्याला आपण खालच्या पायरीवर बसलो असे वाटते. त्यापेक्षा एकेका प्रायोजकाला एकेक ठोस गोष्ट द्यावी: मुलांची बक्षिसे शोरूमकडे, ज्येष्ठ कामगारांचा सत्कार पतसंस्थेकडे.

तेच पत्र असे लिहिता येईल:

‘आमच्या कंपनीत २४० जण काम करतात आणि रोज सुमारे १६० जण दुचाकीने येतात. फाटकावर मोजले तेव्हा त्यातल्या ४५ गाड्या दहा वर्षांहून जुन्या आढळल्या. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत आमचा ॲन्युअल डे आहे. कामगार कुटुंबांसह येतील. साधारण ७०० जण अपेक्षित आहेत. सभागृह, जेवण व व्यवस्था यांचा खर्च कंपनी करते. मुलांच्या स्पर्धांची बक्षिसे आपल्या शोरूमच्या नावाने द्यावीत अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी २५,००० रुपये अधिक जीएसटी अपेक्षित आहे.

त्या बदल्यात सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी दहा बाय दहा फुटांची जागा मिळेल. तिथे आपण दोन गाड्या उभ्या करू शकाल आणि पाडव्याच्या बुकिंगची माहिती देऊ शकाल. बक्षीस वितरणाच्या वेळी आपले नाव जाहीर होईल आणि बक्षिसे आपल्या हस्ते दिली जातील. निमंत्रणपत्रिकेवर व मंचावरच्या फलकावर शोरूमचे नाव असेल. दुसऱ्या कुठल्याही दुचाकी विक्रेत्याला आम्ही या कार्यक्रमात घेणार नाही. या सहकार्याचा कंपनीच्या कोणत्याही खरेदीशी संबंध नाही. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत, आपला निर्णय कळावा.’

या पत्रात काय आहे यापेक्षा त्यातले एकेक वाक्य का आहे ते समजून घेण्यासारखे आहे. ‘खर्च कंपनी करते’ हे वाक्य मालकाच्या पहिल्या शंकेचे उत्तर आहे: कंपनी स्वतःचा भार दुसऱ्यावर टाकत नाही, एक वेगळी जागा त्याच्यासाठी ठेवते आहे. रक्कम आकड्यात आणि कराच्या उल्लेखासह लिहिली आहे, कारण ‘यथाशक्ती सहकार्य’ वाचले की मालक ते वर्गणीच्या खात्यात टाकतो आणि ५०१ रुपयांची पावती फाडायला सांगतो. दुसऱ्या विक्रेत्याला न घेण्याचे वचन आयोजकांना फुकट पडते, पण स्पर्धकाचे शोरूम त्याच रस्त्यावर असलेल्या मालकाला ते सर्वांत मोलाचे वाटते. आणि मुदत पत्रिकेच्या छपाईशी जोडली आहे, त्यामुळे ती दडपण वाटत नाही; तिला दिसेल असे कारण आहे.

काय द्यायचे नाही, तेही आधी ठरवावे. चर्चेत मालक बहुधा कामगारांच्या मोबाइल क्रमांकांची यादी मागतो. ती देऊ नये. कामगाराने आपला क्रमांक कंपनीला नोकरीसाठी दिलेला असतो, गाडी विकणाऱ्यासाठी नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमतीच्याच तत्त्वावर उभा आहे. त्याऐवजी स्टॉलवर चिठ्ठ्यांची पेटी ठेवता येते. ज्याला गाडीबद्दल फोन यावा असे वाटते तो स्वतःहून नाव लिहून टाकतो. यादीत २४० क्रमांक मिळाले असते, पेटीत कदाचित तीसच मिळतील. पण ते तीस विचारपूस करणारे असतील, आणि हे मालकाला समजावून सांगितले तर पटते. मंचावरून भाषणाची मागणी झाली तर तीन मिनिटांची मर्यादा आधीच सांगावी. मुले नाचायला तयार होऊन बसलेली असताना कोणी गाडीच्या मायलेजबद्दल बोलत राहिला, तर त्याचेही नाव खराब होते आणि कार्यक्रमाचेही. जागेचे वचन देण्यापूर्वी सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारून घ्यावे. काही ठिकाणी स्टॉलला आणि आवारात वाहन उभे करायला वेगळे भाडे असते. ते आयत्या वेळी निघाले तर भरायचे कोणी यावरून वाद होतो.

पत्र टपालाने किंवा नुसते व्हॉट्सॲपवर पाठवून काम होत नाही. आधी फोन करावा, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जावे आणि पत्र हातात द्यावे. शनिवार-रविवारी संध्याकाळी शोरूममध्ये गिऱ्हाईक असते, तेव्हा जाणे म्हणजे नकार मागून घेणे. काउंटरवरच्या विक्री प्रतिनिधीकडे पत्र ठेवून येऊ नये. तो निर्णय घेत नाही आणि मालकाला ते कसे सांगेल याचा भरवसा नाही. भेट दहा मिनिटांची पुरते. नंतर त्याच दिवशी पत्राची प्रत मोबाइलवर पाठवली, की मालकाला ती पुढे दाखवायला सोपी जाते. आठवड्याने एकदा विचारावे. दुसऱ्यांदा ‘बघतो’ असे उत्तर आले, तर तो नकार समजून पुढच्या दुकानाकडे वळावे.

आता कराचा भाग. तो कंटाळवाणा वाटला तरी इथेच सर्वांत जास्त गैरसमज होतात. नाव झळकवण्याच्या बदल्यात पैसे घेतले की ती देणगी राहत नाही, ती सेवा होते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्वी प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल, तर हा कर तिनेच उलट पद्धतीने भरायचा असे. १६ जानेवारी २०२५ पासून नियम बदलला: प्रायोजकत्व घेणारी संस्था कंपनी असेल, तर तिनेच बिलात कर लावून तो भरायचा. अंबडची ही कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे तिने २५,००० अधिक ४,५०० असे २९,५०० रुपयांचे रीतसर बिल द्यायला हवे. शोरूम नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असेल, तर त्या ४,५०० ची वजावट त्याला एरवी मिळते. म्हणून बिल मिळणार हे ऐकून मालकाचा चेहरा सैलावतो. तोच मिठाईवाला कंपोझिशन योजनेत असेल, तर त्याला वजावट मिळत नाही आणि ४,५०० हा त्याच्यासाठी निव्वळ खर्च ठरतो. अशा वेळी मूळ रक्कम त्या हिशेबाने कमी मागावी. जाहिरातीच्या एका व्यवहाराची रक्कम ३०,००० रुपयांच्या वर गेली, तर उद्गम कर कापण्याचा प्रश्न येतो. २५,००० मध्ये तो येत नाही. अर्थात आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारूनच बिल काढावे.

पैसे फक्त कंपनीच्या बँक खात्यात घ्यावेत. समितीतल्या कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेतलेली रक्कम कितीही प्रामाणिकपणे खर्च केली, तरी पुढे तिचा हिशेब देता येत नाही आणि शोरूमलाही ती खर्चात दाखवता येत नाही. एखाद्या मोठ्या रुग्णालय समूहाला ‘सीएसआरमधून द्या’ असे सुचवण्याचाही मोह होतो. ते चालत नाही. स्वतःच्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांतून स्पष्टपणे वगळलेले आहे.

बऱ्याचदा मालक म्हणतो, ‘रोख नको, वस्तू देतो.’ शोरूमच्या बाबतीत ती वस्तू बहुधा हेल्मेट असते, आणि हा प्रस्ताव चांगला आहे. फक्त तो बक्षिसांच्या मूळ कल्पनेत बसतो का ते पाहावे. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या मापाचे हेल्मेट बक्षीस देण्यात अर्थ नाही. ती हेल्मेट सोडत काढून कामगारांना द्यावीत आणि मुलांच्या बक्षिसांसाठी छोटी रक्कम वेगळी मागावी. वस्तू घेताना नग किती, किंमत काय, कोणत्या तारखेला पोहोचतील हे लिहून घ्यावे. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे. १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायला परवानगी नाही आणि ज्याने डोके वाचणार नाही असे हेल्मेट कंपनीच्या मंचावरून कामगाराला देणे गैर आहे. वस्तूच्या बदल्यात जाहिरात हीदेखील जीएसटीच्या नजरेत अदलाबदल असते. पैसे हातात आले नाहीत म्हणून बिल नको, असे समजू नये.

होकार आला की चार ओळींचे संमतिपत्र करून दोघांनी सही करावी. त्यात रक्कम, ती देण्याची तारीख, दिलेली वचने आणि एक महत्त्वाची अट असावी: कार्यक्रम रद्द झाला तर रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल, पुढे ढकलला गेला तर प्रायोजकाची सोय विचारली जाईल. पत्रिका छापण्यापूर्वी शोरूमच्या नावाचे अक्षरलेखन आणि चिन्ह त्यांच्याकडून तपासून घ्यावे. मालकाचे नाव चुकीचे छापले गेले, तर २५,००० रुपयांच्या जाहिरातीतून त्याच्या लक्षात तेवढेच राहते.

कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत शोरूमला तीन गोष्टी पोहोचवाव्यात: फलक, स्टॉल आणि बक्षीस वितरण यांची छायाचित्रे, कराचे बिल, आणि पेटीत किती चिठ्ठ्या आल्या तो आकडा. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून खर्चाचा वाटा मागताना मालकाला छायाचित्र आणि बिल पुरावा म्हणून लागतात, त्यामुळे उशीर झाला तर त्याचे खरोखर नुकसान होते. चिठ्ठ्या कमी आल्या असतील तरी आकडा आहे तसाच सांगावा. पाडवा उलटल्यावर एकदा शोरूममध्ये जाऊन त्या चिठ्ठ्यांमधून किती गाड्या गेल्या ते विचारावे. पुढच्या डिसेंबरमध्ये त्याच मालकाकडे जाताना पत्राच्या पहिल्या ओळीत तो आकडा घालता येतो.